लेखी नकार

रेणुका गाडेकर कुणाचा अर्ज परत करताना खुर्चीवरून उठायची. आमच्या परवाना कार्यालयात ही नवलाची गोष्ट होती. आम्ही बाकीचे लोक कागद काचेखालच्या फटीतून बोटानं बाहेर ढकलायचो आणि 'पुढचा' म्हणायचो. ती उभी राहायची, काचेपाशी वाकून कागदावर बोट ठेवायची, काय कमी आहे ते सांगायची, आणि तेवढंच एका चिठ्ठीवर लिहून द्यायची. रांग खोळंबायची, मागचे ओरडायचे. मी शेजारच्या, शिकाऊ परवान्याच्या खिडकीवर होतो. एकदा म्हणालो, "अगं, तोंडी सांग ना. एवढं लिहीत काय बसतेस?"

"काका, तोंडी सांगितलेलं दारापर्यंत पण टिकत नाही. नाही म्हणायचं तर लिहून म्हणावं. मग आपल्यालाही नीट विचार करावा लागतो."

तेविशीची असेल. सडपातळ, सावळी, केसांची घट्ट वेणी, आवाज मात्र अनपेक्षितपणे जाड. वडील लासूर स्टेशनच्या बाजारात मापाडी होते. परीक्षा देऊन ती कनिष्ठ लिपिक झाली आणि पुंडलिकनगरात एका मावशींच्या घरी वरची खोली घेऊन राहू लागली. गावाकडची बोली तिनं ऑफिसात मिटवून ठेवली होती, पण रागावली की बाहेर यायची. "असं कसं नाय म्हणता तुम्ही?" असं ती बोलली की आम्ही ओळखायचो, आज कुणाची तरी हिच्याशी गाठ आहे.

ती दुष्काळाची वर्षं होती. शहराला आम्ही तेव्हा औरंगाबादच म्हणायचो. एकीकडे शहर चहूबाजूंनी वाढत होतं, बीड रस्त्याला, जालना रस्त्याला नव्या इमारतींचे सांगाडे उभे राहत होते, आणि दुसरीकडे जायकवाडीत मृतसाठा उरला होता. रस्त्यावर दिवसभर टँकर. गळके, गंजलेले, मागं पाण्याची ओली रेघ सोडत जाणारे. गावांना टँकर, बांधकामांना टँकर, नळाला पाणी नसलेल्या गल्ल्यांना टँकर. टँकर वाढले तसे चालक कमी पडू लागले, आणि स्टीअरिंग हातात घेता येणारा कुणीही चालक झाला. व्हायचे ते अपघात झाले. मग वरून परिपत्रक आलं.

ते परिपत्रक नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. वाहतुकीच्या गाडीचा परवाना काढायचा तर माणूस आठवी पास हवा, असा तेव्हा नियम होता. पण ज्यांच्याकडे तो नियम येण्याच्या आधीपासून परवाना होता, त्यांना नूतनीकरण करताना ही अट लागू नव्हती. तशी सूट नियमातच लिहिलेली होती. वाहतुकीचा परवाना दर तीन वर्षांनी नवा करून घ्यावा लागे. मुदत संपून बराच काळ गेला असला तरी ते नूतनीकरणच. पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर पुन्हा चाचणी द्यायची, एवढंच. परिपत्रकानं मात्र म्हटलं की मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर अर्ज नवा समजावा आणि आठवी पासचा दाखला घ्यावा. दाखला जोडलेला असेल तर तो खरा की खोटा हे खिडकीवर तपासत बसू नये, त्याची जबाबदारी अर्जदाराची. आणि दाखला नसेल तर अर्ज स्वीकारू नये.

हे शेवटचं वाक्य रेणुकानं मला दोनदा वाचून दाखवलं. "काका, कायद्यात काय आहे? परवाना नाकारायचा तर कारणासह लेखी आदेश द्यायचा. त्या आदेशावर माणूस महिन्याच्या आत अपील करू शकतो. इथं अर्जच घ्यायचा नाही म्हणतात. अर्ज नाही तर नकार नाही. नकार नाही तर अपील कशावर करायचं?"

"कशावरच नाही," मी म्हणालो.

"तेच म्हणते मी."

परिपत्रक लागू झाल्यापासून ऑफिसच्या आवारातली हवाच बदलली. फाटकाजवळच्या लिंबाखाली काटे बसायचा. तो परवान्यांची दलाली करायचा आणि त्याचे स्वतःचे टँकरही होते. पांढरा शर्ट, हसरा चेहरा, बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी. सकाळी ज्यांना आम्ही दाखल्यासाठी परत पाठवायचो, ते दुपारी दाखला घेऊन हजर व्हायचे. नवीकोरी शाई, एकाच वळणाचं अक्षर, आणि कुणी कधी न ऐकलेल्या शाळेचं नाव. रेणुका ते कागद हातात घेऊन बराच वेळ बघायची. मग परिपत्रकाप्रमाणे अर्ज घ्यायची. त्या दिवसांत तिचं जेवण कमी झालं. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची.

खंडू त्याच दिवसांत आला. अजिंठ्याच्या बाजूच्या एका वाडीवरचा धनगर, चाळिशी उलटलेला, डोक्याला मळकट पांढरा फेटा. तरुणपणी त्यानं लासूरच्या बाजारातून कांद्याचे ट्रक चालवले होते. परवाना आठवीची अट यायच्या कितीतरी आधीचा. पुढं भाऊ वारला, मेंढरं सांभाळायला कुणी उरलं नाही म्हणून तो वाडीवर परतला, आणि परवान्याची मुदत संपून तीन-एक वर्षं उलटली. आता चारा नव्हता, मेंढरं विकली होती, आणि वाडीला पाणी आणणाऱ्या टँकरला चालक हवा होता. टँकर काटेचा होता.

खंडूनं जुना परवाना, डॉक्टरचा दाखला, भरलेला अर्ज असं सगळं फटीतून आत सरकवलं. त्यावर आठवीचा दाखलाही होता.

रेणुका उठून उभी राहिली. "भाऊ, ही शाळा कुठंय?"

"ठाऊक नाय, ताई. काटेभाऊनं दिला. म्हनले ह्यो लावा, काम व्हतंय."

"तुम्ही शिकलात किती?"

"सही येती. दुसरीपस्तोर गेल्तो."

तिनं अर्जाची शेवटची ओळ त्याला वाचून दाखवली. वरील माहिती खरी आहे, आणि खाली त्याची सही. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हा दाखला लावलात तर मी अर्ज घेईन. मला घ्यावाच लागेल. आठवड्यात परवाना मिळेल. पण कधी चौकशी झाली तर खोटा कागद तुमच्या सहीचा ठरेल. आणि खरं म्हणजे तुम्हाला ह्याची गरजच नाही. तुमचा परवाना जुना आहे. नियमानं तुमचं असंच व्हायला पाहिजे."

"मंग असंच करा की."

"असं केलं तर वेळ लागेल. किती, ते मला सांगता येणार नाही. वरचे नाही पण म्हणतील."

खंडू काचेतून तिच्याकडे बघत राहिला. मागची रांग कुरकुरत होती. शेवटी तो म्हणाला, "तुमी सांगा ताई. तुमच्या भावाला काय सांगितलं असतं?"

रेणुका बोटांत पेन फिरवत राहिली. मग म्हणाली, "नका लावू."

त्यानं दाखला उचलला, चार घड्या केल्या आणि बंडीच्या खिशात टाकला.

तिनं अर्ज घेतला, फी भरून घेतली, पावती दिली. परिपत्रक मोडणारं त्या ऑफिसातलं ते पहिलं काम. फाइलवर तिनं टिपणी लिहिली ती मला आजही पाठ आहे. 'अर्जदाराचा परवाना शैक्षणिक अट लागू होण्यापूर्वीचा असून सदर अर्ज नूतनीकरणाचा आहे. नियमातील सूट लागू होते. मान्यतेस्तव सादर. अमान्य असल्यास कारणासह लेखी आदेश व्हावा.'

आमचे साहेब वाईट नव्हते. निवृत्तीला आलेले, रक्तदाबाच्या गोळ्या खिशात घेऊन फिरणारे गृहस्थ. त्यांनी तिला बोलावलं. दार उघडं होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"गाडेकर, परिपत्रक वाचलंय ना?"

"वाचलंय, सर. नियमपण वाचलाय."

"नियम मलाही येतो. परिपत्रक मी काढलेलं नाही, आणि मी मोडणारही नाही."

"मग नाकारा, सर. कारण लिहून नाकारा. तो अपील करेल."

साहेबांनी टिपणी पुन्हा वाचली. काय कारण लिहिणार? 'आठवी पास नाही' असं लिहावं तर नियमातली सूट आडवी येत होती. मंजूर करावं तर परिपत्रक आडवं येत होतं. त्यांनी फाइल बंद केली आणि टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवली. "बघू," म्हणाले. त्या डाव्या बाजूला ठेवलेलं काहीच लवकर परत येत नसे.

पण बातमी लिंबाखाली पोचली. दाखल्याशिवाय अर्ज घेतला जातो हे कळल्यावर दोन-तीन जुने चालक थेट रेणुकाच्या खिडकीवर आले. काटेच्या दुकानाला ती पहिली झळ होती. दुपारी तो स्वतः खिडकीशी आला. रांगेत नाही, बाजूनं.

"मॅडम, इतना टेन्शन कायको लेते? कागद आमचा, सही त्याची. तुमचं काय जातं?"

"रांगेत या, काटेभाऊ."

तो हसला. "पुंडलिकनगरात राहता ना? वरच्या खोलीत. पाणी बराबर येतं का तिकडं?"

नुसतं विचारलं आणि गेला. रेणुकानं पुढचा अर्ज घेतला, पण तिच्या हातातला शिक्का दोनदा वाकडा बसला.

तिच्या गल्लीला नळाचं पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. सगळ्यांनी मिळून टँकर लावला होता, आणि टँकर काटेचा होता. त्या आठवड्यात तो आलाच नाही. फोन केला तर सांगायचे, गाडी बंद आहे. शेजारच्या गल्लीत मात्र तीच गाडी रिकामी होताना दिसायची. मग कुणीतरी मावशींच्या कानावर घातलं की तुमच्या भाडेकरणीमुळे पाणी बंद झालंय. बायका जिन्यात तिला बघून बोलणं थांबवू लागल्या. तिच्या दाराशी एका सकाळी रिकाम्या घागरी ओळीनं मांडून ठेवलेल्या होत्या. कुणी काही लिहिलं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. नुसत्या घागरी.

मी माझ्या स्कूटरवर पाण्याचे कॅन नेऊन देऊ लागलो. ती निम्मं पाणी मावशींना देऊन यायची. मावशी घ्यायच्या, आणि तिच्याकडे न बघता म्हणायच्या, "पोरी, दुसरीकडं बघ आता खोली. मला ह्या गल्लीतच मरायचंय."

खंडू मधूनमधून चौकशीला यायचा. रेणुका साहेबांकडे स्मरणाची टिपणी पाठवायची, फाइल डावीकडेच असायची. "अजून नाय व्हय?" एवढंच तो विचारायचा. तक्रार नाही. एकदा सांगून गेला, "वाडीच्या टँकरवर काटेभाऊनं दुसरा गडी बसवलाय. मागं आरसा बघायचा असतो हेच त्याला ठाऊक नाय. लई जपून ऱ्हा म्हनलं बायांना, पन ऐकतंय कोन. पानी दिसलं की धावत्यात."

हे ऐकून रेणुकाचा चेहरा उतरला. त्या नव्या गड्याचा अर्ज तिच्याच खिडकीवरून गेला होता. आठवीचा दाखला जोडून, परिपत्रकात चोख बसणारा. कुठलंही कारण दाखवून अडवता येणार नाही असा.

वाडीवर टँकर आला की पाणी विहिरीत सोडत. कोरडी विहीर, काठाला चिखल, आणि घागरी, बादल्या, दोऱ्या घेऊन गर्दी. गाडी उलटी घेत विहिरीपर्यंत आणावी लागे. त्या दुपारी गाडी मागं येताना थांबली नाही. मागं खंडूची बायको होती. सरकता आलं नाही. शहरातल्या घाटी दवाखान्यात आणेपर्यंत गेली.

आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपरातून कळलं. चार ओळींची बातमी. रेणुकानं ती वाचली, पेपरची घडी केली आणि खिडकी उघडली. दिवसभर काम केलं. संध्याकाळी सगळे गेले तरी ती काचेमागं बसून होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "काका, मी त्याला नका लावू म्हणाले."

मी बरंच काही बोललो. चूक परिपत्रकाची, चूक काटेची, चूक त्या चालकाची. तिनं ऐकून घेतलं. एकाही वाक्याला मान हलवली नाही.

दहावं झाल्यावर खंडू आला. डोक्याचे केस काढलेले, फेटा नाही. रांगेत उभा राहिला. रांग आपोआप बाजूला झाली, पण तो पुढं आला नाही, आपली पाळी येईपर्यंत थांबला. खिडकीशी आल्यावर रेणुका उभी राहिली. दोघांच्या मध्ये काच.

"ताई, एक इचारू? त्यो कागद मी लावला असता तर त्या दिवशी गाडी माझ्या हातात असती. व्हय ना?"

मला वाटलं, ती काहीतरी सांत्वनाचं बोलेल. कुणीही बोललं असतं.

"होय, भाऊ," ती म्हणाली. "असती."

खंडूनं खाली बघितलं. मग तो म्हणाला, "दुसरं कुनीबी मला खरं बोललं नाय. काटे म्हनतो नशीब. पोलीस म्हनत्यात बाई आडवी आली." आणि मग, "माझ्या अर्जाचं काय झालं?"

"पडून आहे."

"मला परवाना दिवू नका म्हनावं. पन का नाय देत ते लिहून द्या. मी हितंच बसतो."

तो साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसला. सकाळी यायचा, ऑफिस बंद होताना उठायचा. कुणाशी बोलायचा नाही. साहेब आत जाता-येता त्याच्याकडे बघायचं टाळायचे. रेणुका रोज सकाळी फाइल डाव्या बाजूची काढून समोर ठेवायची. साहेब ती परत डावीकडे सारायचे. एका दुपारी त्यांनी बेल वाजवली, तिला बोलावलं आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, "आण तो आदेशाचा कागद." त्यांनी नकाराचा आदेश सही करून दिला. कारण एकच लिहिलं होतं, परिपत्रक. बाकी लिहिण्यासारखं काही नव्हतंच, आणि ते त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

अपिलाचा मसुदा मी केला, रेणुका त्यात दिसू नये म्हणून. पण सुनावणीच्या दिवशी ती रजा टाकून गेली आणि खंडूच्या मागं भिंतीला टेकून उभी राहिली. वरच्या अधिकाऱ्यांनी नियम वाचला, परिपत्रक वाचलं, आणि विचारलं की नियमानं दिलेली सूट परिपत्रक कशी काय काढून घेतं? नूतनीकरण मंजूर झालं. थोड्याच दिवसांत पहिलं परिपत्रक रद्द करणारं दुसरं परिपत्रक आलं. त्यात खंडूचं नाव नव्हतं, त्याच्या बायकोचं तर नव्हतंच. चार ओळी होत्या.

दाखल्यांची चौकशी सुरू झाली तेव्हा कितीतरी चालक अडकले. सह्या त्यांच्याच होत्या. काटे काही दिवस लिंबाखाली दिसला नाही. पुन्हा दिसला तेव्हा शर्ट तसाच पांढरा होता.

रेणुकाला मात्र नोटीस आली. परिपत्रक लागू असताना अर्ज का स्वीकारला, याचं कारण दाखवा. अपिलाचा निकाल जोडून तिनं खुलासा दिला, तो मान्यही झाला. तरी बदलीचा आदेश निघालाच, राज्याच्या सीमेवरच्या एका तपासणी नाक्यावर. प्रशासकीय कारण, एवढंच त्यात म्हटलेलं. मी साहेबांशी भांडायला निघालो तर तिनं हात धरला. "जाऊ द्या काका. खोली पण सोडायचीच होती."

मध्यवर्ती बस स्टँडवर मी तिला सोडायला गेलो. एक बॅग, एक वळकटी. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. गाडीची वाट बघताना मी विचारलं, "पुन्हा कुणी असाच कागद घेऊन आला तर काय सांगशील?"

"तेच," ती म्हणाली. मग गाडी आल्यावर, बॅग उचलताना, जणू स्वतःशीच, "पण आता सांगताना भीती वाटेल."

त्यानंतर पाऊस पडला, धरण भरलं, पुन्हा आटलं. मी निवृत्त झालो. रेणुका या शहरात परत आली नाही. तिकडेच लग्न झालं, बढती मिळाली. कधीमधी फोनवर बोलतो आम्ही. मागच्या वेळी मी खंडूचा विषय काढला. तो अजून गाडी चालवतो, आपल्याच वाडीच्या पाण्याची. म्हणाली, "दर अमावस्येला, वहिनी गेल्या त्या तिथीला, फोन करतात मला. त्यांचं नाव दिसलं की माझा हात थांबतो, काका. आज परत विचारतील, त्या दिवशी गाडी माझ्या हातात असती ना, असं वाटतं."

"आणि?"

"उचलते. ते म्हणतात, ताई, जेवलात का? मी म्हणते, जेवले, भाऊ. तुम्ही? दर वेळी तेवढंच बोलतो आम्ही. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ मला दुसरं काही करता येत नाही."